शेव तेवढीच, वाढ तीस टक्के

माझ्या भाच्याचा इंदूरला शेव-मिक्स्चरचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मागे दोन कढया, तीन कारागीर आणि बेसनाची पोती, पुढे दुकान. ३१ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी मी तिथे जीरावन मसाला घ्यायला गेले होते. भिंतीवरच्या टीव्हीत बातमी चालू होती की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था ७.८ टक्क्यांनी वाढली. खालच्या पट्टीवर आणखी एक आकडा सरकत गेला: चालू किमतींनुसार वाढ ८ टक्के.

भाचा झारा हातात घेऊनच बाहेर आला. "आत्या, तू आयुष्यभर कॉलेजात हेच शिकवलंस ना? मग सांग. चालू किमतींनी आठ, महागाई वजा करून सात पूर्णांक आठ. म्हणजे महागाई शून्य पूर्णांक दोन? गेल्या महिन्यात टोमॅटो काय भावानं घेतलेस तू?"

गणित त्याचं बरोबर होतं आणि टोमॅटोही खरे होते. जुलै २०२३ ची किरकोळ महागाई ७.४४ टक्के निघाली होती. एप्रिल ते जूनची सरासरीसुद्धा साडेचारच्या वर होती. मग जीडीपीच्या हिशेबात ती ०.२ का झाली, याचं उत्तर त्याच्याच कढईत आहे.

आधी साधी बाजू घेऊ. समजा त्याने एका महिन्यात २४० रुपये भावाने १,००० किलो शेव विकली. गल्ला २,४०,००० रुपये. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात भाव २६० आणि विक्री १,०५० किलो. गल्ला २,७३,०००. वाढ झाली पावणेचौदा टक्के. ही झाली चालू किमतींची वाढ, नॉमिनल. पण त्यातली शेव किती आणि भाव किती? नवी शेव जुन्या भावाने मोजायची: १,०५० गुणिले २४०, म्हणजे २,५२,०००. ही वाढ पाच टक्के. ही खरी वाढ, रिअल. आता पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की उरतो तो डिफ्लेटर:

```
डिफ्लेटर = (चालू किमतींची रक्कम ÷ जुन्या किमतींची रक्कम) × १००
         = (२,७३,००० ÷ २,५२,०००) × १०० = १०८.३
```

भाव २४० वरून २६० झाला, म्हणजे ८.३ टक्के वाढला. डिफ्लेटरही तेच सांगतो. पाठ्यपुस्तकात धडा इथे संपतो आणि मीही वर्षानुवर्षं इथेच संपवत आले. परीक्षेला तेवढं पुरतं.

अडचण अशी की भाच्याच्या दुकानात किलो मोजता येतात, देशात येत नाहीत. शेव किलोत, सळया टनात, पण केस कापण्याचं, वकिलाच्या सल्ल्याचं, मोबाइल कंपनीच्या सेवेचं वजन कशात करणार? शेतीत आणि खाणीत माल मोजून घेता येतो, म्हणून तिथे हिशेब बराचसा वरच्यासारखा होतो. बाकी बहुतेक ठिकाणी सांख्यिकी खात्याच्या हाती रुपयेच येतात: कंपन्यांचे ताळेबंद, कराचे आकडे, पाहण्या. मग हिशेब उलटा चालतो. रुपये माहीत आहेत, त्यांना एखाद्या किंमत निर्देशांकाने भागायचं आणि जे उरेल त्याला खरी वाढ म्हणायचं. म्हणजे अर्थव्यवस्थेच्या मोठ्या भागात खरं उत्पादन कुणी मोजत नाही, ते भागाकारातून निघतं. आणि भागाकाराचं उत्तर तुम्ही कशाने भागता त्यावर ठरतं.

भागायला आपल्याकडे मुख्यतः दोन निर्देशांक आहेत. ग्राहक किंमत निर्देशांक तुमच्या-माझ्या खरेदीचा; किरकोळ महागाई म्हणतात ती याचीच वाढ. २०१२ आधारवर्षाच्या, म्हणजे २०१२ चे भाव १०० धरणाऱ्या, मालिकेत २९९ वस्तू आणि सेवांची टोपली होती, आणि तिच्या वजनातला जवळजवळ ४६ टक्के भाग खाण्यापिण्याचा. म्हणून टोमॅटो पेटले की हा निर्देशांक पेटतो. रिझर्व्ह बँकेला जे चार टक्क्यांचं लक्ष्य दिलेलं आहे, तेही याच निर्देशांकावर. दुसरा घाऊक किंमत निर्देशांक. त्यात सेवा अजिबात नाहीत. वजनाचा ६४ टक्के भाग कारखान्यातल्या मालाचा, उरलेल्यात कच्चा माल आणि इंधन-वीज. कच्चं तेल, धातू, खाद्यतेल यांचे जगातले भाव हलले की हा हलतो. माझ्या पेन्शनवरचा महागाईचा हप्ता तिसऱ्याच निर्देशांकावर ठरतो, औद्योगिक कामगारांसाठीच्या. त्याच्या ८८ केंद्रांत इंदूरही आहे. पण तो जीडीपीच्या वाटेला जात नाही, म्हणून त्याला इथेच सोडते.

किंमत गोळा करणाऱ्या माणसाचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. ठरलेल्या दुकानात जायचं, ठरलेलीच वस्तू, तोच दर्जा, तेच वजन, आणि भाव लिहायचा. भाच्याच्या दुकानात दहा रुपयांची शेवेची पुडी मिळते. काही वर्षांपूर्वी तिच्यात ५० ग्रॅम शेव होती, आता ४२. पुडीचा भाव दहा होता, दहाच आहे. ज्याने नुसता पुडीचा भाव लिहिला त्याच्या वहीत महागाई शून्य. ज्याने ग्रॅमचा भाव काढला त्याच्या वहीत १९ टक्के. भाचा म्हणतो, "गिऱ्हाईक पण ग्रॅम बघत नाही, आत्या." गिऱ्हाइकाचं ठीक आहे, निर्देशांकाने बघायला हवं.

आता मूळ प्रश्नावर येते. २०११-१२ आधारवर्षाच्या जीडीपी मालिकेत कारखानदारीच्या आणि काही सेवांच्याही रुपयांना भागायला मुख्यतः घाऊक किमती वापरल्या जात. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर इंधन, धातू, खाद्यतेल सगळं चढलं होतं. वर्षभराने ते उतरलं. म्हणून एप्रिल ते जून २०२३ या तिन्ही महिन्यांत घाऊक महागाई शून्याच्या खाली होती, जूनमध्ये तर उणे चारच्या आसपास. एका बाजूला साडेचारच्या वर, दुसऱ्या बाजूला उणे. दोन्ही मिसळून भागाकार केल्यावर सबंध जीडीपीच्या डिफ्लेटरची वाढ निघाली जेमतेम ०.२ टक्के. कुणी आकडा लपवला नव्हता. पद्धतच अशी होती.

पण "पद्धत अशी" म्हटलं की भाच्याचं समाधान होत नाही. "घाऊक किमती खरंच उतरल्या होत्या की. तेलाचा डबा मलाही स्वस्त मिळाला. मग त्याने भागलं तर चुकलं कुठे?"

हा प्रश्न मात्र भल्याभल्यांना नीट पडत नाही. चूक अशी आहे की जीडीपीत शेव मोजली जात नाही, शेवेतली भर मोजली जाते. बेसन बेसनवाल्याच्या खात्यात मोजून झालेलं असतं, तेल तेलवाल्याच्या. भाच्याच्या खात्यावर तेवढंच येतं जे त्याने वर घातलं: विक्रीतून कच्च्या मालाचा खर्च वजा करून उरतं ते. याला मूल्यवर्धन म्हणतात. कारागिरांची मजुरी, दुकानाचं भाडं, त्याचा नफा, सगळं याच्यातून निघतं. तेव्हा भाव दोन असतात, विकण्याचा आणि घेण्याचा, आणि ते एकाच दिशेला जातील असं मुळीच नाही.

त्याची वही घेऊन बसलो. आकडे सोपे केले आहेत. पहिल्या वर्षी १,००० किलो शेव, २४० ने, विक्री २,४०,०००. बेसन, तेल, मसाला, गॅस मिळून कच्चा माल १,८०,०००. मूल्यवर्धन ६०,०००. दुसऱ्या वर्षी तेवढीच शेव, तेवढंच बेसन, तेवढेच तेलाचे डबे, तेच कारागीर, तेवढेच घाणे. शेवेचा भावही २४० च, कारण एकदा चढवलेला भाव इंदुरात कुणी खाली आणत नाही. फक्त कच्चा माल दहा टक्के स्वस्त झाला: १,६२,०००. मूल्यवर्धन आता ७८,०००.

रुपयांत वाढ ३० टक्के. खरी वाढ किती? कढईकडे बघितलं तर शून्य. एक किलोही जास्त तळला गेलेला नाही.

आता एकच भाव घेऊन भागा. शेवेचा भाव हलला नाही, म्हणून डिफ्लेटर १००. ७८,००० भागिले १ म्हणजे ७८,०००. खरी वाढ ३० टक्के! आणि शेवेच्या भावाऐवजी उतरलेल्या घाऊक किमतींनी भागलंत तर त्याहूनही जास्त. याला एकेरी डिफ्लेशन म्हणतात.

दुहेरी डिफ्लेशनमध्ये विक्री शेवेच्या भावाने भागायची, कच्चा माल कच्च्या मालाच्या भावाने, आणि मग वजाबाकी:

```
विक्री        २,४०,००० ÷ १.००  =  २,४०,०००
कच्चा माल    १,६२,००० ÷ ०.९०  =  १,८०,०००
खरं मूल्यवर्धन                 =    ६०,०००
```

साठ हजारच. वाढ शून्य, कढई सांगते तेच.

आता जरा थांबून या गणितातला डिफ्लेटर बघा. रुपयांतलं मूल्यवर्धन ७८,०००, खरं ६०,०००. भागलं तर १३०. म्हणजे कच्चा माल स्वस्त झाला तेव्हा मूल्यवर्धनाचा बरोबर डिफ्लेटर ३० टक्के वर जायला हवा होता. आणि आपण भागत होतो घाऊक किमतींनी, ज्या खाली जात होत्या. दिशाच उलटी. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण आत्या, अठरा हजार तर माझ्या खिशात खरंच आले." आले ना. त्याचं उत्पन्न वाढलं, त्या पैशातून त्याने दुकानात नवा फ्रीजर आणला. पण ते तेलाच्या भावाने दिलेले अठरा हजार होते, कढईने दिलेले नव्हते. पुढच्या वर्षी तेलच ते परत मागून घेऊ शकतं.

मागून घेतलंही होतं, आदल्या वर्षी. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात बंद केली होती, ती २३ मे ला उठली. त्या दिवसांत तेलाच्या डब्याचा भाव काढायला भाचा दुकान उघडायच्या आधी मंडीत फोन करायचा. आता वरचं गणित उलटं करा: कच्चा माल दहा टक्के महाग, १,९८,०००. शेवेचा भाव तोच. मूल्यवर्धन ४२,०००. एकेरी पद्धतीने खरी घट ३० टक्के, प्रत्यक्षात घट शून्य. म्हणजे ही पद्धत नेहमी फुगवते असं नाही. कच्चा माल स्वस्त होताना फुगवते, महाग होताना चेपते. सरकार कुणाचंही असो, ती दोन्ही दिशांना चुकते, आणि वाद घालणारे मात्र आपल्याला सोयीची दिशा तेवढी आठवतात.

देशाच्या आकड्यांतही ही दुसरी दिशा दिसते. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीसाठी त्या वेळी जाहीर झालेली वाढ चालू किमतींनी २६.७ टक्के होती आणि खरी १३.५. भागाकार केला तर डिफ्लेटर साडेअकराच्या थोडा वर. त्या तिमाहीत ग्राहक महागाई सव्वासातच्या आसपास आणि घाऊक सोळाच्या जवळ होती. डिफ्लेटर दोघांच्या जवळजवळ मधोमध. एवढी मोठी वाढ दिसली त्याला आदल्या वर्षीची कोविडची दुसरी लाटही कारण होती, ते वेगळं. पण एका वर्षात डिफ्लेटर साडेअकरावरून ०.२ वर येतो आणि घरातली महागाई सव्वासातवरून साडेचारवर, तेव्हा डिफ्लेटर तुमच्या घराबद्दल फारसं बोलत नाही हे ओळखावं.

इथे कुणी शंका काढेल, आणि ती रास्त आहे. भाच्याला बेसन स्वस्त पडलं तर बेसनाच्या गिरणीला ते स्वस्तात विकावं लागलं असेल. एकाचा नफा दुसऱ्याचा तोटा. सगळा देश एकत्र केला की हे एकमेकांत फिटत नाही का? फिटतं, पण दोन अटींवर. पहिली, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या योग्य भावाने भागलं तर. शेवेला घाऊक सरासरीने आणि बेसनाला भलत्याच कशाने भागलं तर फिटत नाही. दुसरी, समोरची बाजू देशात असली तर. बेसनाची गिरणी आपल्याच मुलखात आहे, पामतेल मात्र इंडोनेशिया-मलेशियातून येतं. ते स्वस्त झालं तर तोटा तिकडच्या बागायतदाराला, आणि तो आपल्या जीडीपीत नाही. कच्च्या खनिज तेलाचंही तेच. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयात करतो आणि खनिज तेल तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर. म्हणून ही चूक आपल्याकडे मोठी होते, आणि नेमकी जगातले भाव जोरात हलतात तेव्हा.

मग दुहेरी पद्धत पहिल्यापासून का नाही वापरली? मीही बरीच वर्षं हा प्रश्न आळसाच्या खात्यात टाकत असे. वही समोर आल्यावर कळलं की तसं नाही. वजाबाकीत चूक मोठी होते. समजा कच्च्या मालाचा भाव खरं तर दहा टक्के उतरला, पण आपल्या निर्देशांकाने आठच टक्के दाखवला. १,६२,००० ला ०.९० ऐवजी ०.९२ ने भागलं तर येतात सुमारे १,७६,०८७. विक्रीतून वजा केले की ६३,९१३. जिथे वाढ शून्य आहे तिथे साडेसहा टक्के दिसते. भावातली दोन टक्क्यांची चूक मूल्यवर्धनात तिपटीहून जास्त झाली, कारण कच्चा माल मूल्यवर्धनाच्या तिप्पट आहे. ज्या धंद्यात कच्च्या मालाचा वाटा याहून मोठा, उदाहरणार्थ तेल-गिरण्या, तिथे हे आणखी बिघडतं. भाव फार हलले तर खरं मूल्यवर्धन शून्याच्या खालीही जाऊ शकतं, जे कागदावर निघतं पण ज्याला काही अर्थ नसतो. शिवाय प्रत्येक धंदा काय काय, किती घेतो आणि त्याचा भाव काय, याची वेगळी नोंद लागते. आपल्याकडे उत्पादकाला मिळणाऱ्या किमतींचा पूर्ण निर्देशांक नसल्याने घाऊक निर्देशांकावरच भागवलं गेलं.

आता आधारवर्षं बदलायचं ठरलं, जीडीपीसाठी २०२२-२३ आणि ग्राहक किमतींसाठी २०२४, आणि नव्या जीडीपी मालिकेत दुहेरी पद्धतीकडे जायचंही ठरलं. त्याने जुनी वेडीवाकडी चूक कमी व्हावी. वजाबाकीची नवी चूक सोबत येईल ती येईलच.

आकडा आला की मी काय बघते, ते भाच्याने विचारलं. आधी चालू किमतींची वाढ, कारण तिच्यात भागाकार नाही. मग भागून डिफ्लेटर काढते आणि ग्राहक महागाईशेजारी ठेवते. दोघांत एखाद्या टक्क्याचं अंतर असलं तर सोडून देते. तीन-चार टक्के असलं, आणि त्याच वेळी घाऊक निर्देशांकही ग्राहक निर्देशांकापासून तेवढाच लांब गेलेला असला, तर खऱ्या वाढीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह. शेवटी कारखानदारीची खरी वाढ औद्योगिक उत्पादन निर्देशांकाशी लावून बघते, कारण त्यात बराचसा माल टनात आणि नगांत मोजलेला असतो. मूल्यवर्धन धावतंय आणि टन चालतायत असं दिसलं की समजते, कुठेतरी तेलाचा डबा स्वस्त झालाय.

गेल्या दिवाळीत दुकानात गेले तर त्याने वहीत दोन रकाने वाढवलेले. आधी नुसते रुपये असत. आता रोजचं बेसन किलोत आणि तेल डब्यांत, त्याच्याच वळणाच्या अक्षरात. तिसरा रकाना गॅसचा, तो कोराच.

"सिलेंडर किती दिवस चालतो ते लिहीन म्हणतो," तो म्हणाला, "पण एका सिलेंडरवर शेवही निघते आणि पापडीही. कुणाच्या नावावर किती लिहू, ते तू सांग."